मदत हवी आहे: पॅड चार, पण खेळात खेळाडू पाच उघडतात

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही आचऱ्याला राहतो, मालवण तालुक्यात. चतुर्थीला मुंबईची भावंडं तुतारीने कणकवलीला उतरतात आणि दुपारची आरती-जेवणं झाली की पोरं पडवीत जमतात. यंदा त्यांच्यासाठी मी पीसी टीव्हीला जोडून ठेवलाय. खेळ सुपरटक्सकार्ट. फुकट आहे, आमच्या जुन्या मशीनला झेपतो, आणि एका टीव्हीचे चार भाग करून चौघांना एकत्र शर्यत लावता येते.

पॅड चार आहेत. एक एक्सबॉक्सचा, वायरचा. दोन बाजारातले स्वस्त यूएसबी पॅड, एक तांबडा एक काळा, आतून अगदी सारखे. चौथा पीएस४ चा, तोही वायरनेच लावलाय.

अडचण अशी. स्प्लिट स्क्रीन निवडलं की प्रत्येकाने आपल्या पॅडवरचं फायरचं बटण दाबायचं, मग त्याचा चौकोन उघडतो. पीएस४ चं बटण दाबलं की एकदम दोन चौकोन उघडतात. गाडी निवडताना दोन्हीकडे निवड बरोबरच सरकते. शर्यत सुरू झाली की पुतणीची गाडी एका खिडकीत, आणि दुसऱ्या खिडकीत भुतासारखी दुसरी गाडी, तिच्याच हाताने चालणारी. चौघांच्या जागी पाच खिडक्या होतात आणि लहान पोरांना आपली कुठली ते कळत नाही.

जोडणीचा क्रम बदलून पाहिला, पीसी बंद-चालू केला. फरक नाही. माणसं परवा येतायत, म्हणून घाई.

दर्यावर्दी

joy.cpl उघडा. तिथे Advanced म्हणून बटण आहे, त्यात आवडता पॅड निवडता येतो. तिथे एक्सबॉक्सचा ठेवा म्हणजे तो पहिला खेळाडू होईल आणि बाकीचे आपोआप ओळीने लागतील. माझ्याकडे असंच केलं होतं.

नमिता_रत्नागिरी

स्टीमवर रिमोट प्ले टुगेदर आहे ना. एकाकडे खेळ असला तरी पुरतो, बाकीचे आपापल्या घरून येतात. मी आणि पुण्याची बहीण तसंच खेळतो.

खाडीकाठ

@नमिताताई, आमची सगळी एकाच पडवीत असतात, प्रश्न एका टीव्हीचाच आहे. आणि पावसात आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही.

@दर्यावर्दी, Advanced मध्ये जाऊन एक्सबॉक्सचा निवडला. काहीच बदललं नाही, दोन चौकोन तसेच.

सड्यावरचा

Advanced मधली निवड फार जुन्या प्रोग्रामांपुरती आहे, ज्यांना एकच जॉयस्टिक माहीत होती. आजचे खेळ तिकडे बघतही नाहीत. पण joy.cpl उघडायचा सल्ला योग्य आहे. विंडोज आणि R दाबून हे टाका:

```
joy.cpl
```

आता चारही पॅड लावलेले असताना यादीत किती ओळी दिसतात आणि काय नावं आहेत, जशीच्या तशी लिहा. आणि एक सांगा, पीएस४ चा पॅड चालावा म्हणून पूर्वी कधी काही प्रोग्राम टाकला होता का?

खाडीकाठ

ओळी पाच आहेत!

```
Controller (Xbox One For Windows)
USB Gamepad
USB Gamepad
Wireless Controller
Controller (XBOX 360 For Windows)
```

हो, गेल्या वर्षी फुटबॉलच्या खेळाला पीएस४ चा पॅड दिसत नव्हता म्हणून भावाने DS4Windows टाकलं होतं. ते पीसीबरोबरच सुरू होतं. माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

सड्यावरचा

मग भूत सापडलं. Wireless Controller हा तुमचा खरा पीएस४ पॅड. शेवटचा XBOX 360 कुठेच नाही, तो DS4Windows ने तयार केलेला खोटा पॅड आहे. पुष्कळ खेळांना फक्त एक्सबॉक्सच्या पद्धतीचे पॅड कळतात, म्हणून हा प्रोग्राम पीएस४ चं प्रत्येक बटण वाचून तेच एका खोट्या एक्सबॉक्स पॅडवर दाबून दाखवतो. त्या फुटबॉलच्या खेळाला खोटाच दिसत होता, खरा दिसतच नव्हता, त्यामुळे तिथे गडबड झाली नाही. सुपरटक्सकार्टला दोन्ही प्रकारचे पॅड थेट कळतात. त्याला खरा आणि खोटा दोन वेगळे खेळाडू वाटतात, आणि एका दाबात दोघेही हजर होतात.

या खेळासाठी तुम्हाला DS4Windows लागतच नाही. घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हांत ते असेल, उजवं क्लिक करून Exit करा. खिडकीच्या फुलीवर विसंबू नका, बऱ्याचदा ते नुसतं लपतं आणि मागे चालूच राहतं. मग joy.cpl बंद करून पुन्हा उघडा. ओळी चार झाल्या पाहिजेत. चार झाल्याशिवाय खेळ उघडू नका.

स्टीमही चालू असेल तर बंद करा. स्टीम मागे असताना पॅडने माउसचा बाण हलू लागतो, मग मेनूत भलतंच निवडलं जातं.

किनारपट्टी

DS4Windows बंद करायची गरज नाही. HidHide टाका, ते खरा पॅड लपवतं, खोटा तेवढा राहतो. मी वर्षभर तसंच वापरतोय.

सड्यावरचा

@किनारपट्टी, बरोबर आहे, पण अर्धंच सांगितलंत. HidHide मध्ये DS4Windows ला परवानगीच्या यादीत घालावं लागतं. ते राहिलं तर खरा पॅड DS4Windows पासूनही लपतो, मग खरा नाही आणि खोटाही नाही. परवा पाहुणे येणार असताना त्यात हात घालू नये.

खाडीकाठ

Exit केलं. चार ओळी. चारही पॅडना एकेक चौकोन! पुतणीने तीन वेळा बटण दाबून खात्री करून घेतली.

आता दुसरं. पोरांना कुणाची खिडकी कुठे हे ठरलेलं हवं असतं. धाकट्याला वरची डावीच लागते.

सड्यावरचा

सुपरटक्सकार्टमध्ये ते सोपं आहे. पॅड कुठल्या पोर्टला आहे याच्याशी संबंध नाही, जो आधी फायर दाबेल तो पहिला. धाकट्याला आधी दाबू द्या, मग पुढचे एकेक, आधीच्याचा चौकोन उघडल्यावरच. सगळ्यांनी एकदम दाबलं तर गोंधळ होतो.

आणि चार खिडक्या म्हणजे तेच जग मशीनला चारदा रंगवायचं असतं. गाड्या अडखळायला लागल्या तर पॅडना दोष देऊ नका, ग्राफिक्सची पातळी एक-दोन पायऱ्या खाली आणा.

बांगडो

माका पण ह्योच त्रास झालो होतो, पण वेगळ्या खेळात. आम्ही दोघा नवरा-बायको इट टेक्स टू खेळतो. पॅड एकच. दुसरा घेवक होयो काय?

सड्यावरचा

नको. त्यात एकजण कीबोर्ड-माउसवर आणि एकजण पॅडवर खेळू शकतो. एकाच मशीनवर दोघांना निदान एक पॅड लागतो, तो तुमच्याकडे आहेच.

खाडीकाठ

आणखी एक विचारतो. भावाच्या स्टीम खात्यावर दुसरा एक चौघांचा खेळ आहे. त्यात उलटंच होतंय. एक्सबॉक्सचा तेवढा चालतो, तांबडा, काळा आणि पीएस४ चा दिसतच नाहीत. तिथे DS4Windows परत चालू करू?

सड्यावरचा

नका करू. तो खेळ एक्सबॉक्स पद्धतीच्याच पॅडना ओळखणारा दिसतोय, तेव्हा तिथे दुभाषी लागणार. पण दुभाषी एकच हवा. DS4Windows आणि स्टीम दोघेही चालू राहिले तर तुम्हाला पुन्हा पाचवा, कधी सहावा खेळाडू भेटेल. तिथे स्टीमलाच काम करू द्या, कारण ते स्वस्त पॅडही सांभाळतं.

स्टीमच्या Settings मध्ये Controller उघडा. प्लेस्टेशनच्या आणि generic म्हणजे बिनकंपनीच्या पॅडसाठी वेगळे खटके आहेत, ते दोन्ही चालू करा. तांबडा-काळा लावल्यावर स्टीम विचारेल की कुठलं बटण कुठलं. एकदा शांतपणे सगळी दाबून दाखवा. मग त्या खेळाच्या Properties मध्ये Controller खाली Enable Steam Input निवडा. खेळ स्टीममधूनच सुरू करायचा, डेस्कटॉपवरच्या फाइलवरून नाही, नाहीतर यातलं काही लागू होत नाही.

तिथे क्रम मात्र फायर दाबण्यावर ठरेलच असं नाही. एक्सबॉक्सच्या पद्धतीत चारच जागा असतात आणि पॅड जोडला जाईल तशी रिकामी जागा घेतो. खेळ बहुधा पहिल्या जागेवरच्याला पहिला खेळाडू मानतो. क्रम चुकला तर बिग पिक्चरमध्ये कंट्रोलरच्या पानावर तो बदलता येतो. पाचवा भाऊ आला तर अशा खेळात त्याला पॅड देता येणार नाही. खेळात सोय असेल तर कीबोर्ड.

खाडीकाठ

हे जमलं, चौघे दिसले. पण रात्री लाइट गेली. पीसी इन्व्हर्टरवर नाही. परत आल्यावर काळा पॅड पहिला झाला आणि एक्सबॉक्सचा तिसरा. दर वेळी हे करायचं का? आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात दिवसातून दोनदा तरी जाते.

सड्यावरचा

पॅड आपला नंबर लक्षात ठेवत नाही. सगळे लावलेले असताना पीसी उठला की कोण आधी ओळखला जाईल याचा नेम नसतो. मी स्वतः चारही काढून ठेवतो, पीसी पूर्ण सुरू झाला की पहिल्या खेळाडूचा लावतो, विंडोजचा आवाज ऐकतो, मग दुसरा. अर्ध्या मिनिटाचं काम. कायमचा क्रम बांधून ठेवायचा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही, कुणाला माहीत असेल तर लिहा.

किनारपट्टी

मी पॅड हबवर लावून पोर्टना खडूने १, २, ३, ४ लिहिलंय. तेच पॅड त्याच पोर्टला. बऱ्याचदा क्रम राहतो, पण एकदा-दोनदा बदललाय हेही खरं.

खाडीकाठ

आज एकेक लावून केलं, बरोबर लागले. फक्त तांबडा पॅड मध्येच सुटतो. विंडोजचा तुटल्याचा आवाज येतो, गाडी जागच्या जागी उभी, आणि परत जोडला की स्टीमच्या खेळात कधी भलत्या नंबरवर बसतो. समुद्र जवळ असल्याने आमच्याकडे पोर्टच्या पितळेवर हिरवट थर येतो, त्यामुळे असेल का?

सड्यावरचा

शक्य आहे, पण आधी अदलाबदल करून पाहा. तांबडा काळ्याच्या पोर्टला आणि काळा तांबड्याच्या. दोष पोर्टबरोबर राहिला तर पीसी बंद करून पोर्ट आणि प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. दोष पॅडबरोबर गेला तर वायर, बहुतेक प्लगच्या गळ्याशी.

खाडीकाठ

अदलाबदल केली. काळा तासभर टिकला. तांबडा नव्या पोर्टलाही दोनदा सुटला, एकदा वायर ओढली गेली तेव्हा आणि एकदा कुणी हातही लावला नव्हता. वायर प्लगजवळ चिकटपट्टीने सरळ बांधून ठेवलीय. उद्या भावंडं येतील, तांबडा मी स्वतः घेतो आणि चार शर्यती झाल्या की इथे कळवतो.