मदत हवी आहे: ॲल्युमिनियमच्या घडीच्या शिडीची पायरी हलते, रिव्हेट घट्ट होतात का?

पडवीतून
आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. घरात सहा पायऱ्यांची ॲल्युमिनियमची घडीची शिडी आहे, नऊ वर्षं जुनी. बारा महिने पडवीतच उभी असते. तिची खालून तिसरी पायरी पाय ठेवला की किंचित गोल फिरते आणि करकर वाजते. वरच्या बिजागरीजवळही शिडी डावी-उजवीकडे झुलते. सासऱ्यांनी मागच्या महिन्यात रिव्हेटवर हातोडीचे चार ठोके दिले. आठवडाभर बरं होतं, मग पुन्हा तेच. गणपती पंधरा दिवसांवर आलेत. माटवी बांधायला दरवर्षी सासरेच चढतात, वय ७२. मला दोनच गोष्टी हव्या आहेत: रिव्हेट खरंच घट्ट करता येतात का, आणि शिडी चढण्यालायक आहे हे चढायच्या आधी कसं ओळखायचं?

आचरेकर
ताई, ठोके देताना मागे आधार नसेल तर रिव्हेट बसत नाही, नुसतं हादरतं. एका बाजूने घण किंवा जाड लोखंडाचा तुकडा घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या बाजूने हलके ठोके द्या. आमच्या शिडीचे असेच बसवले, दोन वर्षं झाली. नाहीच जमलं तर वेल्डिंगवाल्याकडून पायरीला टाका मारून घ्या, कायमची कटकट जाईल.

माडबागायत
आमच्याकडे बांबूची शिडी आसा. दर पावसाच्या आधी जुनो काथ्यो सोडून नवो बांधतंव. रिव्हेट नाय, काय नाय. ॲल्युमिनियम घेतलास कित्याक?

पडवीतून
काका, बांबूची आमच्याकडेही आहे, पण ती टेकवावी लागते. माटवीखाली मधोमध टेकवायला काहीच नसतं, म्हणून घडीची.

कुडाळचा फॅब्रिकेटर
ताई, हातोडी सध्या बाजूला ठेवा. शिडी अंगणात आडवी टाका आणि उजेडात तिसऱ्या पायरीची रिव्हेटं बघा. डोकं भरीव आहे की मधे बारीक भोक आहे? भोवती काळपट कडं किंवा पांढरी पूड दिसते का? मग पायरी दोन्ही हातांनी पिळून बघा आणि फट नेमकी कुठे उघडते ते सांगा. आचरेकरांनी सांगितलेली रीत भरीव रिव्हेटला बरोबर आहे. वेल्डिंगचं मात्र नको, त्याचं कारण नंतर सांगतो.

पडवीतून
बघितलं. प्रत्येक बाजूला दोन रिव्हेटं आहेत. मधे भोक आहे आणि त्यात तांबूस गंज. डाव्या बाजूच्या दोघांभोवती काळं कडं आहे, बोटाने पुसलं तर बोट काळं होतं. खालच्याच्या कडेला पांढरी पूड. पिळल्यावर डावीकडे केसाएवढी फट उघडते, उजवी बाजू घट्ट आहे.

कुडाळचा फॅब्रिकेटर
म्हणजे ही पॉप रिव्हेटं. गनने ओढून बसवतात, आत पोकळ असतात. बसवताना लोखंडी खिळा आतून ओढला जातो आणि मागचं तोंड फुगवून तुटतो, त्याचा तुकडा आतच राहतो. तुमच्या खाऱ्या हवेत तो तुकडा गंजतो आणि त्याला चिकटलेलं ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं. वरून ठोकलं तर डोकं थोडं चपटं होतं आणि आठवडाभर घट्ट वाटतं, पण मागचं फुगलेलं तोंड काही परत आवळत नाही. सासऱ्यांच्या ठोक्यांचं तेच झालं. काळं कडं म्हणजे रिव्हेट भोकात घासतंय, ते घासून निघालेलं ॲल्युमिनियम आहे.

अशी रिव्हेटं काढून नवीनच बसवावी लागतात. डोक्यावर मधोमध रिव्हेटच्याच जाडीचं बिट धरायचं, बहुतेक ४.८ मिमीची असतात, आणि फक्त डोकं सुटेपर्यंत ड्रिल करायचं. उरलेलं पंचने आत ढकलायचं. आत गंजका खिळा असल्याने बिट घसरतं, तेव्हा आधी तो बारीक पंचने मागे ठोकून काढा. अजून नवीन काही बसवू नका. रिकामं भोक नीट बघणं हेच खरं काम आहे. गोल असेल तर त्याच मापाचं रिव्हेट बसेल. लांबट झालं असेल तर रिव्हेट धरणार नाही, तिथे स्टेनलेसचा बोल्ट, दोन्हीकडे वॉशर आणि नायलॉक नट घालावा लागतो, आणि तोही बेताने आवळायचा, नाहीतर पोकळ पायरी चेपते. भोकातून उभ्या पट्टीच्या कडेकडे रेघ जाताना दिसली तर मात्र मला आधी सांगा.

वेल्डिंगबद्दल: शिडीचं ॲल्युमिनियम कारखान्यात उष्णता देऊन कडक केलेलं असतं. टाका मारला की त्याच्या शेजारची पट्टी नरम पडते. टाका शाबूत राहतो आणि शिडी बाजूला वाकते.

आचरेकर
हे माहीत नव्हतं. आमची भरीव रिव्हेटंच होती बहुतेक. आज भोकं बघतो.

पडवीतून
आणि बिजागरीचं?

कुडाळचा फॅब्रिकेटर
आधी सपाट लादीवर उघडून बघा. सारवलेल्या अंगणात एक पाय अधांतरी असला तरी शिडी झुलते, आणि दोष बिजागरीला जातो. चारही पायांचे रबरी बूट आहेत ना, तेही बघा. मग मधल्या आडव्या पट्ट्या पूर्ण सरळ होऊन अडकेपर्यंत दाबा. एकाने पुढचा भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने मागचा बाजूला ढकलायचा. तिसऱ्याने बिजागरीच्या पिनेकडेच बघायचं. पीन भोकात इकडेतिकडे सरकली तर दोष तिथे आहे. पीन स्थिर असून पट्टीच पिळते आहे असं दिसलं तर दोष खाली, रिव्हेटात.

पडवीतून
दीर आले होते, दोघांनी मिळून केलं. लादीवर झुलणं निम्मं कमी झालं. बिजागरीची पीन थोडी सरकते, नक्की किती ते कळलं नाही. पण डावी दोन्ही रिव्हेटं काढली. वरचं भोक गोल आहे. खालचं भाताच्या दाण्यासारखं लांबट, आणि त्यातून पट्टीच्या मागच्या कडेपर्यंत बारीक रेघ गेली आहे. ओरखडा वाटला म्हणून हळद-पाणी लावून पुसलं, तर रेघेत पिवळा रंग राहिला.

कुडाळचा फॅब्रिकेटर
हळदीची युक्ती चांगली केलीत. रंग आत शिरला म्हणजे ओरखडा नाही, तडा आहे. ही शिडी आता कोणी चढायची नाही. पायरी बदलता येते, उभी पट्टी नाही. सगळा भार तिच्यावरच असतो, आणि तडा कडेपर्यंत पोचला की पुढचं मोडणं आगाऊ कळवून होत नाही.

आचरेकर
आतून जाड पट्टी लावून चार बोल्ट मारले तर? मी एकाची अशी बघितली आहे, अजून वापरतात.

कुडाळचा फॅब्रिकेटर
चार बोल्ट म्हणजे त्याच पट्टीत चार नवीन भोकं. टिकलेली मीही बघितली आहे, पण ७२ वर्षांच्या माणसाला चढवायला मी अशी शिडी करून देणार नाही.

पडवीतून
सासऱ्यांना पटत नाहीये. "वरच्या तीन पायऱ्या चांगल्या आहेत," म्हणतात. त्यांना तिसऱ्या पायरीवरूनच तिकडे जावं लागतं, हे सांगून झालं. शेवटी दिरांनी दोन्ही उभ्या पट्ट्या करवतीने मधोमध कापल्या, म्हणजे रात्री कोणी गुपचूप चढायला नको. अर्धी शिडी मागे दोडक्याच्या वेलाला लावली आहे.

माटवीसाठी शेजारची शिडी मागितली आहे. तिची रिव्हेटं भरीव आहेत, काळं कडं एकालाही नाही, पण मागच्या एका पायाचा रबरी बूट गेलाय. तसा सुटा बूट कुडाळ किंवा सावंतवाडीत मिळतो का? माप आतून साधारण ४५ बाय २० मिमी आहे.