मूळ कागदपत्रं परत मागताना

> "रुजू होताना कंपनीने मूळ पदवी आणि गुणपत्रिका ठेवून घेतल्या. आता म्हणतात, बाँड संपल्याशिवाय मिळणार नाहीत. काय करू?"

आधी पोचपावती शोधा. ती नसेल, तर कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत हे त्यांच्याकडूनच लेखी येऊ द्या. माझ्या बहिणीच्या बाबतीत हेच कामी आलं. तिने एचआरला साधी ईमेल केली: "पुढील शिक्षणाच्या अर्जासाठी मूळ प्रमाणपत्रं हवी आहेत, कधी घ्यायला येऊ?" उत्तर आलं, "धोरणानुसार ती आमच्या ताब्यात राहतील." तोच पुरावा झाला. मग प्रत्येक कागदाचा क्रमांक लिहून, 15 दिवसांची मुदत देत वकिलामार्फत नोटीस पाठवली. कागदपत्रं परत आली.

बाँडचे पैसे खरंच देणं लागत असाल, तरी ते वसूल करायचा मार्ग दिवाणी दाव्याचा आहे. येणे रकमेपोटी दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम 171 मध्ये बँकांसारख्या मोजक्याच व्यवसायांना आहे. नोकरी देणारा त्या यादीत नाही. सही केलेला बाँड मात्र नीट वाचा, कागद अडवण्याला तुम्ही लेखी संमती दिली असेल तर वकिलाला ते आधी सांगा.

आणि "हरवली" असं प्रतिज्ञापत्र करून दुय्यम प्रती काढू नका. ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं आणि तुमचीच बाजू पडते.