मदत हवी आहे: मुलाच्या माइनक्राफ्ट खात्यावरचा खर्च बंद केला आहे, पण अनोळखी लोकांचे संदेश आणि फ्रेंड रिक्वेस्ट कशा थांबवाव्यात?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार. माझा मुलगा ११ वर्षांचा असून सहावीत शिकतो. तो मोबाइलवर आणि घरच्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट खेळतो. त्याचे मायक्रोसॉफ्ट खाते मीच बालखाते म्हणून काढून दिले आहे आणि ते आमच्या कुटुंबगटात जोडलेले आहे. खर्चाची बाजू मी पहिल्याच दिवशी बंद केली. त्या खात्याला कोणतेही कार्ड जोडलेले नाही आणि काही विकत घ्यायचे झाल्यास त्याची विनंती माझ्याकडे येते. त्यामुळे खाते सुरक्षित आहे, अशी माझी समजूत होती.

गेल्या रविवारी तो जेवायला बसला असताना त्याच्या मोबाइलवर एक संदेश आला. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिले होते, "कोणत्या शाळेत आहेस? व्हॉट्सॲप नंबर दे, तिकडे बोलू." पाठवणाऱ्याला मुलगा ओळखत नव्हता. मित्रयादी उघडली तेव्हा त्यात ३१ जण निघाले. त्यांपैकी आमच्या ओळखीचे फक्त चार होते, दोन वर्गमित्र, एक आतेभाऊ आणि एक शेजारचा मुलगा. बाकीच्यांविषयी विचारल्यावर तो म्हणाला, "पप्पा, ते एका सर्व्हरवर भेटले होते."

आतेभाऊ छत्रपती संभाजीनगरला असतो आणि दोघे सुट्टीत एकत्र खेळतात, बोलतात. ते बंद करण्याची माझी इच्छा नाही. ओळखीच्या चौघांशी खेळणे आणि बोलणे चालू राहावे, पण इतर कोणालाही त्याला संदेश, आमंत्रण किंवा रिक्वेस्ट पाठवता येऊ नये, अशी व्यवस्था करता येते का? खर्चाच्या पानावर मला चॅटविषयी काहीही सापडले नाही.

दादाराव (बीड)

साहेब, कार्ड काढून टाका आणि यूपीआयचा पिन मुलांना कळू देऊ नका. माझ्या पुतण्याने एका खेळात कपडे आणि बंदुका घेण्यासाठी माझ्या खात्यातून साडेचार हजार रुपये खर्च केले होते. त्यानंतर मी फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला आणि तेव्हापासून काहीही त्रास नाही.

गोदाकाठ (परभणी)

दादाराव, आपल्या अनुभवाबद्दल आभारी आहे, परंतु माझ्याकडे पैशांचा प्रश्न नाही. मुलाचा एक रुपयाही गेलेला नाही. त्याच्याशी कोण बोलते, हा माझा प्रश्न आहे.

निखिल (छत्रपती संभाजीनगर)

काका, गूगलचे फॅमिली लिंक लावा. मुलाचे सगळे त्यातून नियंत्रित होते. ॲप किती वेळ चालवायचे, कोणते उतरवायचे, सर्व काही आपल्या फोनवरून ठरवता येते. चॅटसुद्धा त्यात बंद होईल.

सीमा (नांदेड)

निखिल यांनी सांगितलेले वेळेच्या आणि ॲप उतरवण्याच्या बाबतीत बरोबर आहे, पण चॅटच्या बाबतीत नाही. फॅमिली लिंक खेळाच्या आत शिरत नाही. एखाद्या ॲपला माइकची परवानगी द्यायची की नाही, इथपर्यंत त्याचा हात पोहोचतो. माइनक्राफ्टमध्ये मुलाला कोण मित्र म्हणून जोडतो किंवा संदेश पाठवतो, हे फॅमिली लिंकला दिसतच नाही. शिवाय मुलगा लॅपटॉपवरही खेळतो, म्हणून फोनवर लावलेले नियंत्रण अर्धेच काम करील. हा बदल खात्यावर करावा लागतो, कारण माइनक्राफ्टचे मित्र आणि आमंत्रणे एक्सबॉक्सच्या खात्यावरून येतात, मग घरात एक्सबॉक्सचे यंत्र असो वा नसो.

गोदाकाठ, आपल्याला चॅटचे काही सापडले नाही, कारण मायक्रोसॉफ्टने खर्च आणि संवाद ही दोन कामे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली आहेत. खर्च आणि खरेदीची परवानगी कुटुंबगटाच्या पानावर असते, तर बोलणे, मित्र आणि आमंत्रणे account.xbox.com/settings येथे असतात. एकीकडचा बदल दुसरीकडे काहीच करत नाही.

तिथे मुलाच्या नव्हे, आपल्या स्वतःच्या खात्याने प्रवेश करा. "Privacy & online safety" उघडून मुलाचे नाव निवडा. यादी लांबलचक आहे, पण आपल्या कामाच्या ओळी थोड्याच आहेत. "You can add friends" या ओळीवर "Block" निवडा, म्हणजे मुलाला स्वतःहून मित्र जोडता येणार नाही. "Others can communicate with voice, text, or invites" या ओळीवर "Friends" निवडा. लिखित संदेश, आवाज आणि खेळण्याची आमंत्रणे ही तिन्ही या एकाच ओळीत येतात, त्यामुळे संदेश बंद पण आवाज चालू असे इथे वेगळे करता येत नाही. "You can join multiplayer games" ही ओळ मात्र चालू ठेवा, नाही तर आतेभावाबरोबरचा खेळही बंद पडेल.

पानाच्या शेवटी "Submit" बटण आहे. ते दाबले नाही तर केलेले सर्व बदल वाया जातात, आणि पान तसेच बंद करण्याची चूक मी स्वतः दोनदा केली आहे. त्यानंतर मुलाला दोन्ही उपकरणांवर खेळातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करायला सांगा.

मुलाच्या खात्यावर हे सर्व आधी खुले कसे राहिले, हे आठवते का? बालखात्यावर सहसा कोणीतरी मुद्दाम उघडल्याशिवाय इतके खुले नसते.

गोदाकाठ (परभणी)

सीमाताई, आपण विचारल्यावर आठवले. सुरुवातीला आतेभावाच्या जगात जाताना पडद्यावर हा संदेश यायचा:

```
You cannot play online multiplayer because of how your Microsoft account is set up.
```

मला त्यातले फारसे कळले नाही. एका ओळखीच्या मुलाने घरी येऊन "सगळे चालू करून टाकू" म्हणत एकामागून एक ओळी उघडल्या. खेळ सुरू झाला आणि मी त्या पानाकडे पुन्हा पाहिले नाही. त्या वेळी एकच ओळ उघडायची होती आणि आम्ही सर्व उघडल्या, हे आता लक्षात येते.

सीमा (नांदेड)

बहुतेक घरांत असेच होते, त्यामुळे त्या मुलालाही दोष देऊ नका. पण यातून पुढचे काम निघते. "Friends" ही पातळी मित्रयादीइतकीच चांगली असते. आपल्या मुलाच्या यादीत २७ अनोळखी लोक आहेत आणि खात्याच्या दृष्टीने ते त्याचे मित्र आहेत. आज नवीन रिक्वेस्ट बंद केल्या तरी ज्याने शाळा विचारली, तो उद्याही संदेश पाठवू शकेल. म्हणून यादी आधी साफ करावी लागेल.

मुलाच्या शेजारी बसून, त्याच्या खात्याने एक्सबॉक्सचे ॲप उघडा आणि एकेक नाव पाहा. केवळ काढून टाकलेला माणूस पुन्हा रिक्वेस्ट पाठवू शकतो, म्हणून ज्याने नंबर मागितला त्याला काढण्याबरोबर ब्लॉकही करा. मात्र त्याआधी त्या संभाषणाचे आणि त्याच्या गेमरटॅगचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि ॲपमधूनच त्याची तक्रार नोंदवा. त्याने फोटो मागितले असतील किंवा धमकावले असेल, तर cybercrime.gov.in वर तक्रार करता येते आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

पुढे वर्गातल्या एखाद्या खऱ्या मित्राला जोडायचे असेल, तेव्हा आपल्या फोनवर "Xbox Family Settings" हे ॲप ठेवा. रिक्वेस्टची परवानगी तिथून आपल्याला देता येते, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या लांबलचक पानावर जावे लागत नाही.

वैशाली (धाराशिव)

ताई, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि ती फ्री फायर मॅक्स खेळते. तिला खेळताना मोठ्या मुलांचे आवाज ऐकू येतात, शिवीगाळही असते. मी फोनच्या सेटिंगमध्ये त्या खेळाची माइकची परवानगी काढली, तरी आवाज येतच राहिले. वर सांगितलेले पान आमच्यासाठीही चालेल का?

सीमा (नांदेड)

वैशालीताई, ते पान चालणार नाही, कारण आपला खेळ मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर नाही. माइकची परवानगी काढल्याने मुलीचा आवाज बाहेर जाणे थांबते, पण बाहेरचा आवाज आत येणे थांबत नाही. तो स्पीकरमधून येतो आणि स्पीकरला परवानगी लागत नाही. खेळाच्या स्वतःच्या आवाजविषयक सेटिंगमध्ये माइक आणि इतरांचे बोलणे ऐकण्याचा भाग वेगवेगळे असतात, ते दोन्ही बंद करावे लागतील. एक अडचण अशी की, त्यावर पालकाचे कुलूप नसेल तर मुलगी ते पुन्हा चालू करू शकते. त्यामुळे तिच्याशी बोलूनच ठरवावे लागेल.

निखिल (छत्रपती संभाजीनगर)

माझी चूक झाली, काका. फॅमिली लिंकने चॅट बंद होते असे मी धरून चाललो होतो. पण माझी एक शंका आहे. माइनक्राफ्टमध्ये तर बोलण्याची सोयच नाही ना? मग आतेभाऊ आणि तो बोलतात कसे?

गोदाकाठ (परभणी)

ते एक्सबॉक्सच्या ॲपमध्ये पार्टी करून बोलतात. आतेभावाला त्याच्या मित्रांबरोबर बोलायचे असले की ते डिस्कॉर्ड वापरतात, असे मुलाने आज सांगितले. आमच्याकडे डिस्कॉर्ड नाही.

सीमा (नांदेड)

ते नाही, हे चांगले आहे. आपण केलेले बदल डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सॲपवर लागू होत नाहीत, आणि अनोळखी माणूस नंबर मागतो तो मुलाला तिकडे नेण्यासाठीच. डिस्कॉर्डचे स्वतःचे किमान वय १३ वर्षे आहे, म्हणून आपल्या मुलासाठी तो विषय तूर्त संपतो.

गोदाकाठ (परभणी)

काल रात्री सर्व केले, म्हणून कळवतो. आधी स्क्रीनशॉट घेतले, तक्रार नोंदवली आणि त्या माणसाला ब्लॉक केले. मग यादीतली नावे कमी करायला सुमारे पाऊण तास लागला. मुलगा आधी रडवेला झाला, कारण दोन जण त्याला घर बांधून देत असत. ते कोण आहेत, कुठे राहतात, असे विचारल्यावर मात्र तो गप्प झाला आणि शेवटचे नाव त्याने स्वतःच काढले. यादीत आता चारच जण आहेत.

मग तपासणी केली. पत्नीच्या फोनवर एक नवीन खाते काढून तिथून मुलाला संदेश पाठवण्याचा प्रयत्न केला, तो पोहोचला नाही. आतेभावाने केलेला संदेश मात्र लगेच आला आणि दोघे दहा मिनिटे बोलले. सीमाताई, आपले मनापासून आभार.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. मुलाने स्वतःचे जग उघडले की त्याच्या सेटिंगमध्ये "Friends of Friends", "Friends Only" आणि "Invite Only" असे पर्याय दिसतात. मी "Invite Only" ठेवले आहे. परंतु तो आतेभावाच्या जगात जातो, तेव्हा तिथे आतेभावाचे मित्रही असतात. त्यांच्याबाबत काय करावे?

सीमा (नांदेड)

त्या जगात कोणी यावे, हे ते जग ज्याच्या खात्यावर आहे तोच ठरवतो, म्हणून आपल्या खात्यावरून ते दार बंद करता येणार नाही. आपल्या बहिणीशी बोलून आतेभावाच्या जगावरही "Invite Only" करून घ्या आणि दोघे खेळत असताना कोणाकोणाला आमंत्रण जाते, हे तिला एकदा पाहायला सांगा. आतेभाऊ मोठा असेल आणि त्याचे मित्र कॉलेजचे असतील, तर माझ्या मते दोघांसाठी एक वेगळे जग करणे बरे. आतेभावाचे वय किती?

गोदाकाठ (परभणी)

सतरा. म्हणूनच थोडा विचारात आहे. येत्या रविवारी बहीण इकडे येणार आहे, तेव्हा तिच्या फोनवर बसून हे पाहतो आणि इथे लिहितो.