परमिट हातात आहे, मग पोलवर परत अर्थिंग कशाला?

संदीप_कंत्राट: 22 केव्ही फीडरचं परमिट मिळालं, ब्रेकर बाहेर ओढला, सबस्टेशनात अर्थ स्विचही टाकला. तरी आमचे साहेब कामाच्या पोलवर परत रॉड लावायला लावतात. अर्धा तास वाया. मेलेली लाइन परत कशाला मारायची?

निवृत्त_तंत्रज्ञ: वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आमचा फीडर तीन किलोमीटर 220 केव्हीच्या टॉवर लाइनला समांतर होता. परमिट चोख, सबस्टेशनला अर्थ. तरी पोलवर रॉडचा हूक तारेला टेकवला आणि 'चट्ट' करून ठिणगी उडाली. परमिट तुमच्या फीडरचं असतं, शेजारच्या टॉवरचं नसतं.

अमोल_डिप्लोमा: काका, तो नुसता साठलेला चार्ज. एका टोकाला अर्थ केला की निघून जातो.

निवृत्त_तंत्रज्ञ: अर्धं बरोबर. चार्ज जातो. पण टॉवर लाइनच्या करंटमुळे तारेत जो दाब तयार होतो, तो जात नाही. अर्थपासून जितकं लांब, तितका जास्त. नेहमीच्या लोडला वीस-तीस व्होल्ट, हूक टेकवताना ठिणगी दिसते, एवढंच. पण तुम्ही पोलवर असताना टॉवर लाइनवर अर्थ फॉल्ट झाला, तर? जमिनीतून परतणाऱ्या करंटला किलोमीटरमागे पाव ओहम धरा. 2000 अँपिअर, तीन किलोमीटर: 1500 व्होल्ट. तार हातात, पाय पोलच्या लोखंडावर. रॉड तिथेच असेल तर हात आणि पाय जवळपास एकाच दाबावर राहतात.

गावकरी_विठ्ठल: हे सगळं सोडा, जनरेटरचं बोला! आमच्या गल्लीत एकाने चेंजओव्हर न बसवता जनरेटर थेट बोर्डात खुपसला. डीपीतून उलटा जाऊन 22 केव्ही होतो म्हणे.

अमोल_डिप्लोमा: गावाचा लोड ओढून जनरेटर लगेच बसेल.

निवृत्त_तंत्रज्ञ: गाव जोडलेलं असेल तर बसेल. डीपीवर चारच घरं असतील तर?

गावकरी_विठ्ठल: चारच आहेत! आणि तक्रार केली तर मलाच विचारतात, तुमचं मीटर कुठं आहे.

किरण_हॉटस्टिक: आम्ही चालू लाइनवर काम करतो, तुम्ही मेलेल्या लाइनला घाबरता!

निवृत्त_तंत्रज्ञ: तुम्ही तार काठीने धरता, आमचा पोरगा नुसत्या हाताने. फुशारकी नको.

संदीप_कंत्राट: बरं बाबा, लावतो. आधी तारेला की जमिनीला?

निवृत्त_तंत्रज्ञ: आधी जमिनीला, मग तारेला. काढताना आधी तारेवरून, तेही काठीनेच. एवढं विचारताय म्हणजे आजवर कसं लावलं ते कळलं.

संदीप_कंत्राट: टोमणे नकोत. रॉडचे पैसे कंत्राटात धरलेले नाहीत, ते कोण देणार ते सांगा.