मदत हवी आहे: बल्क डील्सच्या यादीत विकणारा दिसतो, घेणारा दिसत नाही

एनएसईवरचा एक स्मॉलकॅप. नोंदणीकृत शेअर २ कोटी, म्हणजे ०.५ टक्क्याची बल्क डीलची मर्यादा १ लाख शेअरची. परवाच्या यादीत दोन नावं आहेत.

पहिली ट्रेडिंग फर्म: खरेदी ३.१० लाख, विक्री ३.०८ लाख, भाव जवळपास सारखाच. ही दिवसभराची उलाढाल दिसते, म्हणून सोडून दिली. (बातमीत मात्र फक्त तिची खरेदी छापून आली!)

दुसरी एक व्यक्ती: विक्री १.४ लाख, सरासरी भाव २१४. समोर खरेदीदार नाही. माल मर्यादेखालच्या अनेकांत वाटला गेला असावा. ब्लॉक डील्सच्या यादीत काही नाही.

शेअरहोल्डिंग पॅटर्न पाहिला. प्रवर्तकांत हे नाव नाही. पब्लिक गटात १ टक्क्यावरचेच धारक नावानिशी येतात आणि ही विक्री ०.७ टक्क्याची, त्यामुळे तिथे नाव नसण्यावरून काही ठरत नाही. इनसायडर ट्रेडिंगच्या प्रकटीकरणांतही नोंद सापडली नाही.

विकत घ्यायची घाई नाही, टिपही नको. या व्यक्तीने सगळा हिस्सा विकला की अजून माल यायचा आहे, हे पुढच्या तिमाहीआधी कुठल्या सार्वजनिक नोंदीवरून कळू शकतं का?