तिकिटाच्या फोटोतली तारीख आणि भाडे

«तिकिटाच्या फोटोतला मजकूर प्रोग्रॅम बहुतेक बरोबर वाचतो, तरी खर्चाच्या नोंदीत प्रवासाची तारीख आणि भाडे मधूनच चुकतं. कसं टाळायचं?»

तारखेसाठी फक्त दिवस-महिना-वर्ष असा साचा शोधू नका. तिकिटावर बहुधा आरक्षणाचीही तारीख असते आणि ती वर छापलेली असली की तीच आधी उचलली जाते. शब्दांबरोबर त्यांची फोटोतली जागाही घ्या, मग ‘प्रवास’ या शब्दाच्या शेजारची किंवा लगेच खालची तारीख निवडा. ती आरक्षणाच्या आधीची निघाली तर नक्कीच चूक आहे.

भाड्याला बेरजेची कसोटी लावा. माझ्याकडच्या एका तिकिटावर मूळ भाडे ८४५, आरक्षण शुल्क ४० आणि एकूण ८८५ होतं. कागदाच्या घडीने इंग्रजी आकड्यातल्या पहिल्या ८ ची डावी बाजू पुसली आणि एकूण ३८५ वाचलं गेलं. बेरीज जुळेना, म्हणूनच ते सापडलं. अशी नोंद आपोआप दुरुस्त करू नका, फोटोसह माणसाला दाखवा.

एकाच तिकिटावर दोघं असतील तर एकूण रक्कम दोघांची असते. नाव आणि आसन एकाच ओळीतून जोडीने घ्या, नाहीतर एकाच्या खात्यावर दोघांचा खर्च चढतो. हे बेरजेतून कळत नाही, त्यासाठी प्रवाशांची संख्या नोंदीत वेगळी ठेवा.