एसीची ऑर्डर सेलरनं रद्द केली: पैसे किती, कुठं आणि कधी येतील?

सुषमा वहिनी बी-२०३: सेलमध्ये दीड टनाचा एसी घेतला होता. पैसे कटले, ऑर्डर कन्फर्मचा मेसेज आला. आज तिसऱ्या दिवशी ॲपवर 'विक्रेत्याकडे स्टॉक नाही, ऑर्डर रद्द' असं दाखवून राहिलं. बाहेर ४४ डिग्री आहे. आता काय करायचं जी?

निखिल बी-५०४: पैसे कटूनही स्टॉक नाही म्हणजे काय? दिसत होता ना तिथं?

प्रशांत भाऊ ए-४०२: दिसतो तो आकडा असतो, गोदामातला डबा नाही. एकच विक्रेता तोच एसी तीन-चार साइटवर आणि स्वतःच्या दुकानातही विकतो. एका ठिकाणी विकला की बाकीच्या ठिकाणचा आकडा कमी व्हायला वेळ लागतो. सेलच्या दिवशी तेवढ्यात पाच डब्यांवर सात ऑर्डरी लागतात. कधी परत आलेला, ठोकर लागलेला डबाही 'विक्रीयोग्य' म्हणून मोजलेला असतो. पॅक करायला उचलला की मग समजते.

वहिनी, पैसे कसे भरले ते नीट सांगा. रिफंडचं सगळं गणित त्यावर आहे.

सुषमा वहिनी बी-२०३: किंमत ३८,४९०. क्रेडिट कार्डावर २,००० ची सूट, कूपन ५०० चं. ३,००० चं गिफ्ट कार्ड होतं ते लावलं. बाकी ३२,९९० कार्डावरून गेले.

प्रशांत भाऊ ए-४०२: मग तुम्हाला ३८,४९० येणार नाहीत, ३५,९९० येतील, आणि तेही दोन तुकड्यांत. ३२,९९० कार्डावर आणि ३,००० गिफ्ट कार्डाच्या शिलकीत. बँकेची सूट तुमच्या खिशातून गेलीच नव्हती, म्हणून ती रोख मिळत नाही. ५०० चं कूपन खात्यात परत दिसते का ते बघा. नाही दिसलं तर मागा, चूक त्यांची आहे. गिफ्ट कार्डाची मुदत मधल्या काळात संपणार असेल तर तेही आत्ताच लिहून ठेवा.

आणि एक बटण दाबू नका: 'तात्काळ रिफंड वॉलेटमध्ये घ्या'. साइटसाठी ग्राहकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना, म्हणजे पेमेंट ॲग्रिगेटरना, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की ज्या मार्गानं पैसे आले त्याच मार्गानं परत जावेत, ग्राहकानं दुसऱ्या मार्गाला स्वतः होकार दिला नसेल तर. ते बटण म्हणजेच तुमचा होकार. मग ३३ हजार त्या एकाच ॲपमध्ये अडकतात आणि बुलडीच्या दुकानातून एसी घ्यायला उपयोगी पडत नाहीत.

वकील काका सी-१०१: त्याहून महत्त्वाचं. विक्रेत्याचा फोन येईल, 'मॅडम, तुम्हीच ॲपवरून कॅन्सल करा, रिफंड लवकर होईल.' बिलकुल करायचं नाही. रद्द केल्याबद्दल विक्रेत्याच्या खात्यावर डाग लागतो, तो त्याला टाळायचा असतो. तुम्ही बटण दाबलं की नोंदीत 'ग्राहकानं रद्द केली' असं येते आणि तुमची बाजू तिथंच लंगडी होते. तुमच्याकडे 'स्टॉक नाही' असं आहे ना? त्याचा स्क्रीनशॉट घ्या. सोबत ऑर्डर कन्फर्मचा ई-मेल, बिलाचा तपशील आणि विक्रेत्याचं नाव. ॲपवरची पानं नंतर बदलतात.

सुषमा वहिनी बी-२०३: घेतला. पण काका, तोच एसी त्याच साइटवर आता ४१,४९० ला दिसून राहिला!

वकील काका सी-१०१: कोणत्या विक्रेत्याकडून? नावावर बोट ठेवून बघा. दुसरा विक्रेता असेल तर त्यात काही नाही. तोच विक्रेता, तेच मॉडेल, आपलाच पिनकोड आणि किंमत वाढलेली असेल, तर 'स्टॉक नव्हता' हे कारण टिकत नाही. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. सवलतीच्या दरात द्यायचंच नव्हतं तरी तशी जाहिरात केली, तर ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथेत येते.

सुषमा वहिनी बी-२०३: विक्रेता तोच आहे.

निखिल बी-५०४: मग जुन्याच भावात द्या म्हणून अडून बसा ना वहिनी. आणि रिफंडला उशीर झाला तर रोजचे १०० रुपये मिळतात म्हणे.

प्रशांत भाऊ ए-४०२: ते १०० रुपये इथं लागू नाहीत, बापा. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे खात्यातून पैसे गेले पण दुकानदारापर्यंत पोचलेच नाहीत तेव्हा. इथं पैसे पोचले होते, ऑर्डर नंतर रद्द झाली. हा दुकानदारानं द्यायचा रिफंड आहे.

वकील काका सी-१०१: आणि अडून बसण्याबद्दल. बहुतेक साइटच्या अटींत लिहिलेलं असते की कन्फर्मचा मेसेज म्हणजे फक्त पोच, करार माल रवाना झाल्यावर. पैसे घेतल्यावर ही अट किती चालते यावर भांडता येते. पण बाजारात सहज मिळणारी वस्तू 'हीच द्या' असा आदेश मिळणं कठीण. मागायचा तो फरक. तुम्हाला पडत होता ३५,९९० ला. तोच आज ४१,४९० ला घ्यावा लागला तर फरक ५,५०० चा. माल दिला नाही तर करारभाव आणि बाजारभाव यातला फरक, हे नुकसानभरपाईचं जुनं माप आहे. मात्र तेच मॉडेल घ्या आणि पक्कं बिल ठेवा. वरचढ मॉडेल घेऊन फरक मागितला तर कोणी ऐकणार नाही.

सुषमा वहिनी बी-२०३: लिहायचं कोणाला?

वकील काका सी-१०१: साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला. नाव आणि ई-मेल साइटवर द्यावाच लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायचं. चॅटवरच्या मुलाशी वाद घालण्यात दिवस जातात. मजकूर एवढाच पुरे:

'ऑर्डर क्र. ___, विक्रेत्यानं स्टॉक नसल्याचं कारण देऊन रद्द केली. त्याच विक्रेत्याकडे तेच मॉडेल ___ तारखेला ४१,४९० रुपयांना उपलब्ध दिसत आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. एकतर आधीच्या किमतीत पुरवठा करावा, नाहीतर पूर्ण परतावा व ५,५०० रुपये फरक द्यावा.'

बऱ्याचदा फरकाऐवजी हजार-पाचशेचं कूपन पुढं करतात. 'तक्रार मिटली' याला होकार द्यायच्या आधी विचार करा. उत्तर नाहीच आलं तर १९१५ वर किंवा consumerhelpline.gov.in वर नोंद. ती हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देत नाही. आदेश हवा तर सिव्हिल लाइन्समधला जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठल्याही शहरातला असो, तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. फक्त ५,५०० साठी तारखा करायच्या का ते तुम्ही ठरवा. माझ्या मते तक्रार अधिकारी आणि १९१५ एवढं तरी करायचंच.

प्रशांत भाऊ ए-४०२: पैशांचा माग कसा काढायचा तेही सांगतो. 'रिफंड इनिशिएटेड' म्हणजे त्यांनी सूचना पाठवली, बँकेत आले असं नाही. कार्डावर साधारण ५ ते ७ कामाचे दिवस जातात. आठव्या दिवशी साइटकडून एआरएन, म्हणजे कार्डावरच्या रिफंडचा माग काढायचा नंबर मागा, २३ आकडी असतो. तो दिला की बँकेला शोधता येते. तो नसेल तर बँक 'आलं नाही' म्हणेल आणि साइट 'पाठवलं' म्हणेल. यूपीआयनं भरले असते तर १२ आकडी आरआरएन मागायचा. नंबर देताच येत नसेल तर समजा, रिफंड निघालाच नाही.

वहिनी, कार्डाचं बिल कधीचं?

सुषमा वहिनी बी-२०३: ५ तारखेला बनलं, भरायची शेवटची २५. त्यात हे ३२,९९० आहेत.

प्रशांत भाऊ ए-४०२: रिफंड २५ च्या आधी आला तर बँकेनं तो या बिलाच्या देय रकमेत वळता करायला हवा. ॲपमध्ये देय रक्कम घटलेली दिसते का तेवढं बघा. नाही आला तर 'येणारच आहे' म्हणून ३२,९९० कमी भरू नका, व्याज सुरू होईल. पूर्ण भरा, मागून आलेला रिफंड कार्डावर जमा राहतो.

निखिल बी-५०४: वहिनी, आत्ताच एक कॉल आला का, 'रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा' म्हणून? असे फोन खूप चालू आहेत.

प्रशांत भाऊ ए-४०२: बरोबर. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही, ओटीपीही सांगावा लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, ॲपमधूनच फोन लावा.

सुषमा वहिनी बी-२०३: तक्रार अधिकाऱ्याचा ई-मेल सापडला, मेल टाकला. एसी येईपर्यंत कोणाकडे जास्तीचा कूलर आहे का? वाळ्याच्या ताट्या माझ्याकडे आहेत.

वकील काका सी-१०१: आमचा गच्चीवर पडून आहे. पंप बदलावा लागेल, मोटर चालू आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की निखिलला पाठवा.